दगड, फांद्या आणि तांब्या : चित्र शिकवणाऱ्या पुस्तकांचा मागोवा

मराठवाड्यातल्या पुसेगावात चाळिशी-पन्नाशीत पेन्सिल हातात घेणारी माणसं मी बरीच पाहिली. कुणी निवृत्त मास्तर, कुणी मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यावर दुपार मोकळी झालेली बाई. यातल्या बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिलेली नसते. हे गाव १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि मुंबईच्या चित्रशाळांची परंपरा इकडे पोचायला उशीर लागला, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनही काही मिळालेलं नसतं. जवळ क्लास नाही, तेव्हा पुस्तक हाच गुरू. माझ्याकडची अशी पुस्तकं गेली कित्येक वर्षं गावात या घरातून त्या घरात फिरत आहेत. कोणतं पुस्तक कुठे उपयोगी पडलं आणि वाचणारा कुठे अडला, हे बघत बघत मी मागे मागे जात राहिलो, तो थेट १८५७पर्यंत पोचलो.

त्या वर्षी मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन रस्किनचं ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ निघालं. रस्किन तेव्हा लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात कष्टकरी माणसांना चित्रकला शिकवत होता, आणि पुस्तक त्याने नवशिक्याला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात मांडलं. त्या काळच्या सरकारी शिक्षणात नमुन्याच्या तक्त्यांवरून रेषा उतरवून घेण्यावर भर होता. रस्किनला ते मान्य नव्हतं. त्याचा पहिला धडा बोरूशाईचा. कागदावर लहानसा चौकोन आखायचा आणि तो बारीक रेघांनी असा भरायचा की करडा रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. कुठे डाग पडला, कुठे पांढरं राहिलं, तर पुन्हा. हा धडा कंटाळवाणा आहे हे खरं, पण हाताचा दाब किती असमान असतो ते तो पहिल्याच दिवशी दाखवतो.

नंतर तो वाचकाला दगड काढायला सांगतो. गोलसर, गुळगुळीत असा एक दगड उचलायचा आणि उजेडाकडून अंधाराकडे त्याची छटा कशी बदलत जाते तेवढंच कागदावर आणायचं. आमच्याकडे काळ्या दगडाला तोटा नाही, त्यामुळे हा धडा इथे फुकट होतो. अडचण एकच. दगड काळा म्हणून नवशिका तो सगळाच काळा करून टाकतो. उन्हाची तिरीप पडलेली त्याची बाजू प्रत्यक्षात सावलीतल्या पांढऱ्या कागदाहूनही उजळ दिसू शकते, हे डोळे बारीक करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

पण रस्किनच्या पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा वेगळीच आहे. निष्पर्ण झाड आभाळासमोर काढताना तो फांद्यांइतकंच फांद्यांमधल्या पांढऱ्या मोकळ्या तुकड्यांकडे बघायला लावतो. जमिनीची मोजणी करून नकाशा काढावा, तितक्या काटेकोरपणे ते तुकडे तपासा, असं त्याचं सांगणं. फाल्गुनात पळस पानं झटकून उभा असतो, तेव्हा हा धडा करून बघावा. फांदी काढायला घेतली की मनात आधीच ठरलेली ‘फांदी’ कागदावर उतरते : जाड बुंधा, दोन्हीकडे सारखे फाटे. दोन फांद्यांमधल्या त्रिकोणी आभाळाला मात्र नाव नसतं, म्हणून तो तुकडा जसा आहे तसाच बघावा लागतो. तुकडे बरोबर आले की फांद्या आपोआप जागेवर बसतात.

पुढचं मोठं पुस्तक ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणारा किमॉन निकोलाइडिस १९३८मध्ये वारला आणि त्याचं हे पुस्तक १९४१मध्ये प्रसिद्ध झालं. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, कडेवरून नजर अगदी मुंगीच्या चालीने सरकवायची आणि कागदाकडे न बघता पेन्सिल त्याच वेगाने न्यायची. दुसरी याच्या उलट : मिनिटभरात किंवा त्याहून कमी वेळात माणसाची हालचाल तेवढी पकडायची, नाकडोळ्यांच्या नादाला लागायचं नाही. दुसरा धडा बाजारासाठीच केल्यासारखा आहे. भाजीचं गाठोडं डोक्यावर घेताना बाईची मान, खांदा आणि कंबर एका ओळीत कशी येतात ते तेवढ्याच वेळात दिसतं, आणि तेवढंच काढायचं असतं.

मात्र हे पुस्तक घेऊन घरी बसलेला माणूस सहसा अर्ध्यावर सोडतो. त्यातलं वेळापत्रक दिवसाला तीन तासांचं आहे आणि समोर मॉडेल बसलेलं गृहीत धरलं आहे. शेती किंवा नोकरी सांभाळणाऱ्याने त्यातले हे दोन सराव तेवढे उचलावेत, हेच शहाणपणाचं.

मग १९७९ उजाडतं. कॅलिफोर्नियात शिकवणाऱ्या बेटी एडवर्ड्स यांचं ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ तेव्हा आलं आणि पुढे १९८९, १९९९ आणि २०१२मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. ‘मला काहीच काढता येत नाही’ म्हणणाऱ्या प्रौढासाठीच ते लिहिलेलं आहे. मेंदूचे दोन भाग वेगळे झालेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी संशोधन केलं होतं, ज्यासाठी त्यांना १९८१मध्ये नोबेल मिळालं. एडवर्ड्स यांनी त्याचा आधार घेतला. उजवा मेंदू चित्र काढतो आणि डावा आड येतो, ही मांडणी आज फार ढोबळ समजली जाते. मेंदूच्या प्रकरणांवर वेळ घालवू नये. सराव मात्र चोख आहेत.

त्यातला गाजलेला सराव उलट्या चित्राचा. पिकासोने काढलेलं स्ट्राव्हिन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवायचं आणि वरून खाली एकेक रेषा उतरवत जायचं. पुरं होईपर्यंत सरळ करून बघायचं नाही. उलट्या चित्रात हात, चष्मा, खुर्ची ही नावं लवकर सुचत नाहीत, म्हणून रेषा तिरपी किती आणि शेजारच्या रेषेपासून लांब किती, एवढंच उरतं. एडवर्ड्स खुर्चीच्या पायांमधल्या रिकाम्या जागाही काढायला लावतात. रस्किनने फांद्यांमध्ये जे दाखवलं होतं, तेच सव्वाशे वर्षांनी खुर्चीत दिसतं. आपल्याकडे बाजेच्या पायांमधून दिसणारी भिंत त्यासाठी चालते.

तिसरी गोष्ट काचेची. फोटोफ्रेमची काच डोळ्यासमोर स्थिर धरायची, एक डोळा मिटायचा आणि पलीकडे दिसणारी वस्तू मार्करने काचेवरच गिरवायची. ही युक्ती जुनीच. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५२५च्या पुस्तकात काचेतून बघून माणूस काढणाऱ्या चित्रकाराचं चित्र आहे. तिचं खरं मोल पडताळ्यात आहे. पुस्तक आपलं चित्र तपासू शकत नाही, पण काच तपासते.

तांब्या घेऊन हे सविस्तर सांगतो. टेबलावर साधारण १५ सेंटिमीटर उंचीचा तांब्या ठेवा आणि ६० सेंटिमीटरवर खुर्चीत बसा. डोळा काठापासून ३० सेंटिमीटर वर येतो असं धरू. काठ खरा वर्तुळाकार, पण इथून तो लंबगोल दिसतो, आणि त्या लंबगोलाची उंची रुंदीच्या साधारण ४५ टक्के भरते. काठ १० सेंटिमीटर रुंद काढला, तर वरून खाली साडेचार सेंटिमीटर. आता बूड. ते डोळ्यापासून ४५ सेंटिमीटर खाली आहे, म्हणून आपण त्याच्याकडे अधिक वरून बघतो. त्याचा पूर्ण लंबगोल दिसला असता तर उंची रुंदीच्या ६० टक्के भरली असती. म्हणजे बुडाचा वाक काठाच्या वाकापेक्षा जास्त गोल हवा.

नवशिका नेमकं उलटं करतो. तांब्याचं तोंड उघडं असतं हे त्याला माहीत असतं, म्हणून काठ जवळजवळ पूर्ण गोल होतो. तांब्या सपाट टेबलावर टेकलेला असतो हेही माहीत असतं, म्हणून बुडाशी सरळ रेघ येते. चित्रातलं तोंड वरून बघितलेलं आणि बूड समोरून. तांब्या कलंडल्यासारखा दिसतो, आणि बघणारा ‘काहीतरी चुकलंय’ म्हणून सावल्या गडद करत बसतो. छायेने हे सुधारत नाही. आधी बुडाची रेघ खोडून वाक वाढवावा लागतो.

मोजण्यासाठी पेन्सिल पुरते. कोपर अगदी सरळ ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत काठाची रुंदी धरायची, मग तेच माप उभं करून तांब्याच्या उंचीत किती वेळा बसतं ते बघायचं. कोपर जरा वाकलं की माप बदलतं. मान पुढे आली तरी बदलतं. दोनदा मोजून वेगवेगळं उत्तर आलं तर दोष तांब्यात नसून कोपरात आहे. शेवटी काचेवर गिरवलेलं तोंड कागदावरच्या तोंडाशी ताडून बघायचं. खुर्ची मागे सरकवून १२० सेंटिमीटरवर नेली, तर काठाची ४५ टक्क्यांची उंची साधारण २४ टक्क्यांवर येते, म्हणून मधेच उठून पुन्हा बसताना जागा बदलली तर जुनं चित्र पुढे नेऊ नये.

मराठी मुलखात ज्योत्स्ना प्रकाशनाच्या पुस्तकांनी मोठं काम केलं. वासुदेव कामत यांचं ‘स्केचिंग अँड ड्रॉइंग’ आणि मिलिंद मुळीक यांचं ‘पर्स्पेक्टिव्ह’ ही दोन्ही माझ्या कपाटातून कायम बाहेर असतात. त्यातली चित्रं आपल्या ओळखीच्या जगातली आहेत. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळासमोर बसून ओट्याच्या आणि थरांच्या आडव्या रेषा डोळ्याच्या पातळीवर येऊन कशा मिळतात ते तपासायचं, तर मुळीकांचं पुस्तक पिशवीत हवंच. पण अशी पुस्तकं निष्णात हातांची पूर्ण झालेली चित्रं दाखवतात. ज्याने एलिमेंटरीत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र केलं आहे, तो त्यांतून पायऱ्या ओळखतो. ज्याने नाही केलं, तो चित्रांवर खूष होऊन पान उलटतो.

म्हणून पुस्तक मागायला आलेल्याला मी आधी एडवर्ड्स देतो, त्यातही उलटं चित्र, रिकाम्या जागा आणि काच ही प्रकरणं दाखवून. निष्पर्ण झाडांच्या दिवसांत रस्किन देतो. वस्तूंची मापं जमू लागली की कामत, मुळीक. नवशिक्याचा चुकलेला तांब्या डाव्या पानावर आणि तोच दुरुस्त केलेला उजव्या पानावर, शेजारी कुठलं माप चुकलं ते लिहिलेलं, असं मराठी पुस्तक अजून माझ्या पाहण्यात नाही. वासुदेव कामतांच्या पिढीकडून शिकलेल्या कुणीतरी ते करावं. तांब्या, बाज, पळस आणि बाजारातली माणसं, एवढ्या चारच विषयांचं असलं तरी चालेल.