पहिला पगार आणि दहावे वर्ष

रेणापूरहून लातूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या, नुकत्याच आयटीआय झालेल्या तरुणापुढे दोन वाटा असतात असे समजू. डाळमिलमध्ये मदतनिसाचे काम, महिना १२,००० रुपये. किंवा यंत्रदुरुस्ती शिकवणाऱ्या कारखान्यात १०,००० रुपये. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

मदतनिसाची वाढ दरवर्षी ५ टक्के धरू, कारागिराची ९ टक्के. वाढ मूळ पगारावर नव्हे, तर आधी वाढलेल्या पगारावर मिळते. म्हणून सहाव्या वर्षी कारागीर १५,३८६ आणि मदतनीस १५,३१५ रुपयांवर येतो. मात्र पगार गाठला म्हणजे तूट भरून निघाली असे नव्हे. पाच वर्षांत कारागिराच्या घरी सुमारे ७७,५०० रुपये कमी आलेले असतात. एकूण कमाई बरोबरीला यायला दहावे वर्ष उजाडते. घरावर सावकाराचे कर्ज असेल, तर ही दहा वर्षे काढणे सोपे नसते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तिसाव्या वर्षी मात्र मासिक पगार सुमारे ४९,००० आणि १,२२,००० असे दिसतात.

हे सारे गणित त्या ९ टक्क्यांवर उभे आहे. वर्षभरानंतरही मुलाच्या हाती फक्त झाडू आणि तेलाचा डबा असेल, मोटार उघडून दोष शोधण्याची संधी मिळत नसेल, तर तो शिकत नाही. केवळ स्वस्तात राबतो आहे. अशा वेळी डाळमिलचे दोन हजार अधिक खरे.