उणे तीन वाचक

राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकातून संचांची ओळख झाली की मुलांच्या हाती वेन आकृत्यांची वर्कशीट पडते. एकमेकांवर चढलेली दोन-तीन वर्तुळे, भोवती चौकट आणि खाली शाब्दिक उदाहरण. सूत्र पाठ असते, बेरीज-वजाबाकी येत असते, तरी उत्तर चुकते. चूक बहुधा आकडेमोडीत नसते. दिलेला आकडा आकृतीच्या नेमक्या किती भागाचा आहे, हे वाचण्यात ती असते.

एक नेहमीच्या धाटणीचे उदाहरण घेऊ. एका वाचनालयाचे १०० सभासद आहेत. ५२ जण कादंबऱ्या वाचतात, ४० जण चरित्रे आणि २७ जण कविता. कादंबऱ्या आणि चरित्रे वाचणारे १८, चरित्रे आणि कविता वाचणारे १०, कादंबऱ्या आणि कविता वाचणारे १४. तिन्ही वाचणारे ६. तर यातले काहीच न वाचणारे किती?

तीन वर्तुळे काढली की आत सात कप्पे तयार होतात: मधोमध तिन्हींचा एक, त्याला लागून दोन-दोन वर्तुळांचे तीन आणि कडेला एकेकट्याचे तीन. वर्तुळांबाहेर पण चौकटीच्या आत उरते ती आठवी जागा. उदाहरणातले ५२ किंवा १८ हे मात्र कप्प्यांचे आकडे नाहीत. ५२ हा कादंबरीच्या अख्ख्या वर्तुळाचा, म्हणजे चार कप्प्यांचा मिळून आकडा आहे. १८ हा दोन वर्तुळांच्या सबंध छेदाचा आहे आणि त्या छेदात मधला कप्पाही येतो. कादंबऱ्या आणि चरित्रे वाचणाऱ्या १८ जणांपैकी काहीजण कविताही वाचत असतील. त्यांना वगळायचे असते, तर उदाहरणात ‘फक्त’ हा शब्द आला असता.

म्हणून आकृती आतून बाहेर भरत जायची. आधी मधोमध ६ लिहायचे. मग १८ मधून ते ६ वजा करून १२, १० मधून ४ आणि १४ मधून ८. हे झाल्यावरच कडेच्या कप्प्यांकडे वळायचे. फक्त कादंबऱ्या वाचणारे ५२ मधून १२, ८ आणि ६ गेले की २६ उरतात. तसेच फक्त चरित्रे वाचणारे १८ आणि फक्त कविता वाचणारे ९. सातही कप्प्यांची बेरीज ८३ येते. म्हणजे काहीच न वाचणारे १७.

आता हेच १८, १०, १४ जसेच्या तसे कप्प्यांत लिहिले तर काय होते? कवितांच्या वर्तुळात १०, १४ आणि मधले ६ मिळून ३० होतात. पण कविता वाचणारे मुळात २७. मग फक्त कविता वाचणारे उणे तीन! असे वाचक कुठल्याच वाचनालयात नसतात. उत्तर उणे आले की चूक आपोआप पकडली जाते. पंचाईत होते ती आकडे मोठे असताना. तेव्हा चुकीच्या मांडणीतूनही उत्तर बरे दिसणारे येते आणि ते तसेच खपून जाते. त्यामुळे आकृती भरून झाल्यावर प्रत्येक वर्तुळातले चार कप्पे पुन्हा बेरजेने तपासावेत. इथे कवितांचे ९, ४, ८ आणि ६ मिळून २७ होतात, म्हणजे मांडणी बरोबर.

सूत्रामागेही हाच हिशेब आहे. ५२, ४० आणि २७ यांची बेरीज ११९ होते, कारण दोन प्रकार वाचणारा त्यात दोनदा मोजला गेला आणि तिन्ही वाचणारा तीनदा. जोड्यांचे १८, १० आणि १४, म्हणजे एकूण ४२ वजा केले की ७७ उरतात. पण या वजाबाकीत तिन्ही वाचणारे सहाजण तीनदा गेले. तीनदा मोजले, तीनदा वजा केले, म्हणजे त्यांचा पत्ताच राहिला नाही. म्हणून ६ परत मिळवायचे, की ८३.

पुढचे प्रश्न शब्दांवर फिरतात. ‘नेमके दोन प्रकार’ वाचणारे १२, ४ आणि ८ मिळून २४. ‘किमान दोन’ म्हटले की मधले ६ धरून ३०. इथे ४२ लिहिणाऱ्याने सहाजणांना तीन-तीनदा मोजलेले असते. ‘किंवा’चेही तसेच. चहा किंवा कॉफी विचारली की आपण एकच मागतो, पण संचांत ‘कादंबरी किंवा कविता’ म्हणताना दोन्ही वाचणारेही धरले जातात.

जॉन वेन या ब्रिटिश तर्कशास्त्रज्ञाने १८८० साली या आकृत्या मांडल्या, त्या वाक्यांचा अर्थ तपासण्यासाठी. वर्कशीट सोडवतानाही आधी वाक्यच तपासावे. प्रत्येक आकड्यापुढे तो किती कप्प्यांचा आहे ते पेन्सिलीने लिहावे, आणि मगच वजाबाकीला हात घालावा.