हरल्याचं नव्हे, फसवलं गेल्याचं दुःख

सुडोकू सुटला नाही तर माणूस स्वतःवर चिडतो. माइनस्वीपरमध्ये हरला की बहुधा खेळावर. दोन्ही तर्काचे खेळ, मग हा फरक का?

माइनस्वीपरच्या सर्वांत अवघड पातळीवर ४८० घरे आणि त्यांत ९९ सुरुंग असतात. उघडलेल्या घरातला आकडा शेजारच्या आठ घरांत किती सुरुंग आहेत ते सांगतो. सुरुंगांच्या जागा यदृच्छेने ठरतात आणि त्या लपलेल्या असतात. पण एवढ्याने खेळ अन्यायाचा होत नाही. लपलेली माहिती आकड्यांवरून काढता येते, तोवर हरणाऱ्याला आपली चूक दिसते.

अडचण शेवटी येते. समजा, डाव्या वरच्या कोपऱ्यात एकाखाली एक अशी दोन बंद घरे उरली आहेत आणि एकच सुरुंग शिल्लक आहे. खालच्या घराला लागून असलेल्या खालच्या ओळीतल्या दोन्ही घरांत आधीच सुरुंग ठरले आहेत. आता उरलेले शेजारी आकडे दोन्ही बंद घरांना सारखेच मोजतात. दोघांत फरक सांगू शकली असती ती दोन घरेच सुरुंगाची! तर्क संपला, उरली छापा-काटा. असे दोन कोपरे आले तर जिंकण्याची शक्यता २५ टक्के, तीन आले तर साडेबारा.

मेंदूला हे का झोंबते? वोल्फ्राम शुल्त्स यांच्या माकडांवरील प्रयोगांत दिसले, की अपेक्षित बक्षीस ठरल्या वेळी मिळाले नाही तर डोपामिन पेशींची क्रिया त्या क्षणी मंदावते. इथे शेकडो घरे तर्काने उघडल्यावर अपेक्षा शिगेला पोहोचलेली असते. शिवाय त्या हरण्यातून शिकण्यासारखे काहीच नसते.

पत्त्यांच्या फ्रीसेलमध्येही पिसणे यदृच्छेनेच होते, पण सगळे पत्ते उघडे असतात. मायक्रोसॉफ्टच्या मूळ ३२,००० डावांपैकी फक्त ११९८२ क्रमांकाचा डाव सुटत नाही. तिथे नशीब खेळ सुरू होण्याआधीच आपले काम करून जाते. माइनस्वीपरमध्ये ते निर्णय घेतल्यानंतर बोलते.

म्हणून हरल्यावर उघडलेला पट पाहावा. ते घर धोक्याचे आहे हे दिसणाऱ्या आकड्यांवरून कळू शकत होते का? असेल तर चूक आपली. नसेल तर स्वतःला दोष देऊन रात्री पुन्हा पुन्हा डाव मांडण्यात अर्थ नाही. वरच्यासारखी जोडी डावाच्या मध्यातच दिसली, तर तिथला अंदाज लगेच करावा. पुढचा कोणताही आकडा तिथे मदत करणार नसतो आणि हरायचेच असेल तर कमी श्रमांत हरणे बरे. अंदाज नकोच असेल, तर सायमन टॅथम यांचा ‘माइन्स’ खेळावा. त्यातले पट अंदाजाशिवाय सुटतील असेच रचलेले असतात.