शेवटचे दोन बिंदू

एखादे जाळे दोन तुकड्यांत तोडायचे आहे आणि तोडलेल्या कडांच्या वजनांची बेरीज कमीत कमी ठेवायची आहे. जुनी रीत अशी होती की एक बिंदू पक्का धरायचा आणि उरलेल्या प्रत्येकाशी त्याचा महत्तम प्रवाह काढायचा. जपानच्या नागामोची आणि इबाराकी यांनी १९९२ मध्ये प्रवाहाशिवायची वाट दाखवली. मेख्टिल्ड श्टोअर आणि फ्रांक वाग्नर यांनी ती इतकी सोपी केली की १९९७ साली ‘जर्नल ऑफ द एसीएम’मध्ये आलेला त्यांचा लेख जेमतेम सात पानांचा आहे. त्यात फाशांना, नशिबाला कुठेच जागा नाही.

अ, ब, क, ड असे चार बिंदू घेऊ. अ-ब कडेचे वजन ५, क-डचे ६, ब-कचे २ आणि अ-डचे १. एकटा बिंदू तोडायचा तर सर्वांत स्वस्त अ, त्याला ६ पडतात.

अ पासून गट जमवू. दर वेळी गटाशी एकूण सर्वांत घट्ट जोडलेला बिंदू आत घ्यायचा. आधी ब येतो (५). मग क (२), कारण डचा गटाशी संबंध अजून १ इतकाच आहे. शेवटी ड उरतो, त्याची बेरीज १ + ६ = ७. हा आकडा टिपायचा आणि शेवटचे दोघे, क आणि ड, एकत्र शिवायचे. दुसऱ्या फेरीत क्रम अ, ब, कड असा लागतो; शेवटच्याची बेरीज २ + १ = ३. तिसऱ्या फेरीत ब आणि कड शिवून झालेल्या बिंदूपुढे एकटा अ उरतो, बेरीज ६. तिन्हींत लहान ३, म्हणजे अब एकीकडे, कड दुसरीकडे.

क आणि ड शिवायची मुभा कशी मिळाली, हे मला या पद्धतीचे सर्वांत सुंदर अंग वाटते. शेवटच्या बिंदूला एकटा तोडणारा छेद हा त्या दोघांना वेगळे करणाऱ्या सर्व छेदांत किमान असतो. कारण असे: दोघांना विलग करणारा कोणताही छेद घ्या आणि क्रमाने चालत जा. जिथे जिथे बाजू बदलते, तिथे नव्या बिंदूचे मागच्या सर्वांशी असलेले वजन त्या छेदाच्या तोवरच्या वजनापेक्षा जास्त नसते. मागे राहिलेला बिंदू आधी निवडलेल्याहून घट्ट नव्हता, आणि मधल्या काळात त्याला मिळालेल्या नव्या कडा छेदातूनच जातात. म्हणून दोनच शक्यता उरतात. खरा उत्तर-छेद त्या दोघांना तोडत असेल, तर आकडा टिपलाच आहे. तोडत नसेल, तर शिवून काही बिघडत नाही.

n बिंदूंना n−1 फेऱ्या लागतात. वजने ऋण नकोत आणि कडांना दिशा नको; एकेरी रस्त्यांच्या जाळ्यावर हा पुरावा लागू पडत नाही.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे बेरजेऐवजी एकाच सर्वांत जड कडेवरून बिंदू निवडणे. वरच्या उदाहरणात तसे केले तरी क्रम तोच येतो, त्यामुळे चूक झाकली जाते. ती पकडायला अनेक बारीक कडांनी गटाला बांधलेला बिंदू असलेले उदाहरण लागते, आणि सगळे विभाग मोजून काढलेले उत्तर शेजारी ठेवावे लागते.