बरोबरीनंतरचा नंबर कोणता?

१२ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकमधली पुरुषांची १०० मीटर बटरफ्लाय शर्यत. सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग ५०.३९ सेकंदांत पहिला आला. त्याच्या मागे अमेरिकेचा मायकेल फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा चॅड ले क्लो आणि हंगेरीचा लास्लो चेह हे तिघे भिंतीला टेकले. तिघांचीही वेळ एकच होती, ५१.१४ सेकंद. तिघांनाही रौप्यपदक मिळालं. त्यांच्यानंतर चीनचा ली झुहाओ ५१.२६ सेकंदांत आला. तो कितवा?

अधिकृत निकालात तो पाचवा आहे. त्या शर्यतीत कांस्यपदक कुणालाच दिलं गेलं नाही.

हे ऐकून बऱ्याच लोकांना चुकचुकल्यासारखं होतं. पहिला एक झाला, दुसरे तीन झाले, मग पुढचा तिसरा का नाही? तिसरा आणि चौथा क्रमांक गेले कुठे? शाळेचा निकाल किंवा वक्तृत्व स्पर्धेची गुणपत्रिका संगणकावर तयार करणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न दरवर्षी येतो. बहुतेक वेळा त्याचं उत्तर कार्यक्रम सुरू व्हायला अर्धा तास उरलेला असताना, समोर बसलेल्या पालकाकडे बघून दिलं जातं. ते आधीच ठरलेलं असायला हवं.

क्रमांक देण्याच्या या दोन रीती दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, ही यातली मुख्य गोष्ट. पहिली रीत विचारते, 'माझ्या पुढे किती माणसं आहेत?' त्यात एक मिळवला की आपला क्रमांक. ली झुहाओच्या पुढे चार माणसं होती, म्हणून तो पाचवा. क्रीडास्पर्धांत सहसा हीच रीत असते. इंग्रजी नावाप्रमाणे तिला कॉम्पिटिशन रँकिंग म्हणतात. आपण तिला सोयीसाठी स्पर्धा-क्रम म्हणू. दुसरी रीत माणसं मोजत नाही. ती विचारते, 'माझ्यापेक्षा सरस अशा किती वेगवेगळ्या वेळा किंवा किती वेगवेगळे गुण आहेत?' ली झुहाओपेक्षा सरस वेळा दोनच होत्या, ५०.३९ आणि ५१.१४. या हिशेबाने तो तिसरा. हे डेन्स रँकिंग, म्हणजे सलग क्रम. त्यात मधला एकही आकडा सुटत नाही.

शेवटच्या माणसाकडे पाहिलं की फरक आणखी ठळक होतो. त्या शर्यतीत आठ जण होते. स्पर्धा-क्रमाने क्रमांक १, २, २, २, ५, ६, ७, ८ असे येतात. सलग क्रमाने १, २, २, २, ३, ४, ५, ६. म्हणजे सर्वांत शेवटी आलेला पोहणारा दुसऱ्या रीतीत सहावा ठरतो, आणि आठ जणांत तो शेवटचा होता हे त्याच्या क्रमांकावरून कळतच नाही. स्पर्धा-क्रम वाचणाऱ्याला मात्र आपल्यापुढे किती जण होते ते नेमकं कळतं. सुटलेले तिसरा आणि चौथा क्रमांक हरवलेले नसतात. ती जागा बरोबरीत आलेल्या माणसांनी आधीच भरलेली असते.

एक्सेल आणि गूगल शीट्स या दोन्हींत `RANK` हे फंक्शन स्पर्धा-क्रमच देतं. वेळा `B2` ते `B9` या घरांत असतील, तर पहिल्या ओळीत हे लिहून खाली ओढायचं:

```
=RANK(B2,B$2:B$9,1)
```

शेवटचा `1` हा लहान आकडा सरस असल्याची खूण आहे. शर्यतीत तो लागतो, गुणांसाठी तो लिहायचा नाही. शर्यतीच्या यादीत तो राहून गेला तर सर्वांत मागे राहिलेला पहिला ठरतो, पण ही चूक चटकन नजरेत येते. डॉलरची खूण राहिली तर मात्र गडबड लपून राहते. सूत्र खाली ओढताना यादीची हद्दही एकेक ओळ खाली सरकते, वरची माणसं मोजणीतून गळतात आणि खालच्या लोकांना आयता चांगला क्रमांक मिळतो. यादी गुणांच्या उतरत्या क्रमाने लावलेली असेल तर जवळजवळ प्रत्येक जण पहिला दिसू लागतो. यादी मिसळलेली असेल तर काही आकडे बरोबर आणि काही चूक येतात, आणि तेच जास्त घातक असतं.

सलग क्रमासाठी एक्सेलमध्ये तयार फंक्शन नाही. त्यासाठी हे जुनं आणि भरवशाचं सूत्र वापरतात. इथे गुण मोठे तेवढे सरस असं धरलं आहे:

```
=SUMPRODUCT((B$2:B$6>B2)/COUNTIF(B$2:B$6,B$2:B$6))+1
```

यातली भागाकाराची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. आपल्यापेक्षा जास्त गुण असलेला प्रत्येक जण एकेक म्हणून मोजला, तर स्पर्धा-क्रमच मिळेल. म्हणून सूत्र प्रत्येकाला त्याच्या गुणांच्या वाटेकऱ्यांनी भागतं. दोघांना ८८ गुण असतील तर प्रत्येकाचा वाटा अर्धा, आणि दोघांची बेरीज एक. तिघांना असतील तर प्रत्येकाचा तिसरा हिस्सा, बेरीज पुन्हा एक. गुण कितीही जणांत वाटले गेले असले तरी ती एकच पायरी मोजली जाते.

आता पाच मुलांची यादी घेऊ. गुण आहेत ९२, ८८, ८८, ८५, आणि पाचवा मुलगा आला नाही म्हणून त्याच्यापुढे `AB` लिहिलं आहे. `RANK` मोजताना अक्षरं सोडून देतं. चौघांना १, २, २, ४ असे क्रमांक मिळतात आणि गैरहजर मुलाच्या ओळीत चूक असल्याची सूचना येते. सलग क्रमाचं वरचं सूत्र लावलं तर वेगळंच घडतं. एक्सेलच्या तुलनेत कुठलीही अक्षरं कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी असतात. म्हणून `AB` हे ९२ पेक्षा मोठं ठरतं, ९२ वाली मुलगी दुसरी होते, ८८ वाले तिसरे, ८५ वाला चौथा. आणि पहिला क्रमांक जातो गैरहजर मुलाला, कारण `AB` पेक्षा मोठं काहीच नाही. त्याची ओळ नंतर कुणी पुसून टाकली किंवा छापताना वगळली, तर यादीत पहिलाच कुणी उरत नाही. यादीत पहिला क्रमांक दिसत नसेल तर आधी कुठे अक्षरं शिरली आहेत का ते पाहावं. घर नुसतं रिकामं ठेवलं तरी सुटका नाही. तिथे शून्याने भागायची पाळी येते आणि सगळ्या ओळींत `#DIV/0!` उमटतं. दोन्ही अडचणी सांभाळणारं सूत्र असं आहे:

```
=IF(ISNUMBER(B2),SUMPRODUCT(ISNUMBER(B$2:B$6)*(B$2:B$6>B2)/COUNTIF(B$2:B$6,B$2:B$6&""))+1,"")
```

दिसायला लांबलचक आहे, पण सांगतं एवढंच की जिथे आकडा आहे तिथेच क्रमांक दे आणि मोजायला आकडेच घे.

मुळात बरोबरी आहे की नाही, हेही नियमानेच ठरतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडले शर्यतीत स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी हरवलं. ४ मिनिटं ३१.९८१ विरुद्ध ३१.९८३. त्यानंतर पोहण्यात वेळ शतांशापर्यंतच धरायचा नियम झाला, कारण तलाव बांधताना मार्गांच्या लांबीत चालणारा फरक या अंतरापेक्षा मोठा असतो. रिओतले तिघे बरोबरीत आले ते याच नियमामुळे. आपल्या गुणपत्रिकेतही असं काही आधी ठरवावं लागतं. तीन परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढली की पडद्यावर दोघांपुढे ८६.६७ दिसतं, पण घरात साठवलेले आकडे कित्येक दशांश स्थळांपर्यंत असतात आणि ते वेगळे असू शकतात. मग डोळ्यांना बरोबरी दिसते आणि `RANK` मात्र एकाला दुसरा, एकाला तिसरा म्हणतं. पडद्यावर दशांश कमी केल्याने आतला आकडा बदलत नाही. त्यासाठी सरासरी काढतानाच `ROUND(...,2)` वापरावं आणि क्रमांक त्या घरावर लावावा. किती स्थळं धरायची हे संगणक ठरवणार नाही, ते आयोजकांनीच ठरवायचं.

मग कुठे कोणती रीत लावायची? माझं मत असं की जिथे जागा, पैसे किंवा पदकं मोजकी आहेत तिथे स्पर्धा-क्रमच हवा. ४ जून २०२४ रोजी नीट परीक्षेचा पहिला निकाल लागला तेव्हा ६७ विद्यार्थ्यांना देशात पहिला क्रमांक होता. अशा यादीत पुढच्या विद्यार्थ्याला सलग क्रमाने 'दुसरा' म्हटलं, तर प्रवेशाच्या रांगेत आपल्यापुढे किती जण उभे आहेत याचा त्याला पत्ताच लागणार नाही. त्याला ६८ हाच आकडा उपयोगाचा. छोट्या स्पर्धेतही हेच घडतं. 'पहिल्या तीन क्रमांकांना बक्षीस' असं पत्रकात छापलं आणि सलग क्रम लावला, तर आपल्या पाच मुलांच्या यादीत चार बक्षिसं लागतात, आणि मोठ्या यादीत किती लागतील याला मर्यादा नाही. स्पर्धा-क्रमाने तिथे दुसरा क्रमांक विभागून दिला जातो आणि तिसरा सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या बक्षिसांची रक्कम एकत्र करून दोघांत वाटली की कुणाचं नुकसान होत नाही. सलग क्रमाची जागा वेगळी आहे. वर्गात गुणांच्या किती पायऱ्या पडल्या, ८५ गुण वरून कितव्या पायरीवर आहेत, असं शिक्षकाला पाहायचं असतं तेव्हा तो कामाचा असतो. तिथे कुणाचं बक्षीस जात नाही.

एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या युक्तीपासून मात्र सावध राहावं. बरोबरी नकोच म्हणून लोक `RANK` च्या पुढे `+COUNTIF(B$2:B2,B2)-1` जोडतात. प्रत्येकाला वेगळा क्रमांक मिळतो आणि यादी नीटनेटकी दिसते. पण हा क्रमांक ठरतो यादीत नाव आधी आलं की नंतर, यावर. रिओच्या यादीत फेल्प्स आधी टाइप झाला म्हणून दुसरा, ले क्लो तिसरा, चेह चौथा, असा अन्याय त्याने झाला असता. यादी नावाप्रमाणे उलटी लावून पाहा. क्रमांक बदलले तर ही युक्ती आत बसली आहे असं समजावं. बरोबरी फोडायचीच असेल तर ती कशावर फोडायची हे आधी जाहीर करून त्याचा वेगळा स्तंभ करावा. वक्तृत्वात आशयाचे गुण `C` स्तंभात असतील तर:

```
=RANK(B2,B$2:B$6)+COUNTIFS(B$2:B$6,B2,C$2:C$6,">"&C2)
```

एकूण गुण तेवढेच आणि आशयाचे गुण आपल्यापेक्षा जास्त, अशा माणसांपुरताच यात क्रमांक मागे सरकतो. आशयाचे गुणही सारखेच असतील तर दोघांना तोच क्रमांक राहतो आणि पुढचा सुटतो.