काळ्यावर काळं: हेडफोनची कड उजळते कशी

महागड्या हेडफोनच्या जाहिरातीत मागची बाजू काळी असते, हेडफोनही काळाच असतो, तरी त्याचा आकार एका बारीक उजळ रेषेमुळे स्वच्छ कळतो. या रेषेला फोटोग्राफर ‘रिम लाइट’ म्हणतात. असा फोटो पहिल्यांदा काढायला घेतला की बहुतेक जण दिवा समोर ठेवतात. मग काळं प्लॅस्टिक राखाडी दिसतं, मधोमध दिव्याचा पांढरा डाग पडतो आणि आकार सपाट होतो.

याचं कारण काळ्या पृष्ठभागाच्या स्वभावात आहे. तो अंगावर पडलेला बहुतेक प्रकाश गिळतो आणि उरलेला थोडा आरशासारखा परतवतो. प्लॅस्टिककडे सरळ समोरून पाहिलं तर परत येणारा प्रकाश साधारण 4 टक्के असतो. पण नजर आणि प्रकाश दोन्ही पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाऊ लागले, की हे प्रमाण झपाट्याने वाढतं. हेडफोनच्या गोल कपाची कड कॅमेऱ्यापासून मागे वळत जाते, म्हणजे हा तिरपा कोन नेमका तिथे मिळतो. म्हणून दिवा मागच्या बाजूला हवा. मॅट प्लॅस्टिकचीही कड त्यामुळे उजळते आणि मधला भाग काळाच राहतो.

आधी अंधार पक्का करावा. खोलीतले दिवे घालवून, फ्लॅश न लावता, 1/160 सेकंद, एफ 11 आणि आयएसओ 100 वर एक फोटो काढावा. तो पूर्ण काळा आला, तर पुढे दिसेल तो प्रकाश फक्त आपलाच. हेडफोनच्या मागे दीड-दोन मीटरवर काळं मखमली कापड पुरतं. मागचे दिवे कॅमेऱ्याच्या दिशेने वळलेले असल्यामुळे कापडावर फारसा उजेड पडतच नाही.

आता हेडफोन वरून तंगूसाने टांगावा. डाव्या बाजूला, थोडा मागे, चौकटीच्या जेमतेम बाहेर एक उभा स्ट्रिप बॉक्स लावावा. 30 बाय 120 सेंटिमीटरचा चालतो. कॅमेऱ्यातून बघत राहावं आणि दुसऱ्याला दिवा सरकवायला सांगावं. दिवा मागे गेला की रेषा बारीक होते, बाजूला आला की जाड. ती मनासारखी झाली, की उजवीकडे दुसरा दिवा साधारण निम्म्या ताकदीवर लावावा. दोन्ही बाजू सारख्याच उजळल्या, तर हेडफोनला गोलाई उरत नाही, तो नुसता रेखाटल्यासारखा दिसतो.

पहिल्या चाचणीत बहुधा एक उणीव दिसतेच: वरचा पट्टा मध्येच अंधारात हरवतो आणि दोन कप सुटे तरंगतात. बाजूचा प्रकाश पट्ट्याच्या वरच्या अंगाला पोचत नाही. त्यासाठी किंचित मागे, डोक्यावर तिसरा दिवा हवा. कपाभोवतीची चकचकीत धातूची कडी वेगळाच त्रास देते. तिच्यात स्ट्रिप बॉक्स धारदार कडांसकट दिसतो. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर ताणून दिवा त्याच्यापासून थोडा दूर नेला, की कागदाचा मध्य उजळतो आणि कडेला उजेड विरत जातो. कडीवरची रेषाही तशीच हळुवार विरते. महाग वस्तूचा भास मला तरी या विरण्यातच जाणवतो.

सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते लेन्सवर येणाऱ्या थेट उजेडामुळे. काळं फिकट धुरकट दिसलं, तर लेन्सच्या कडेला हाताची आडोशी धरून पाहावं. काळं लगेच गडद झालं, तर कारण सापडलं. मग दिवा आणि लेन्सच्या मध्ये काळा पुठ्ठा लावावा. मुंबईच्या सेटवर त्याला ‘कटर’ म्हणतात. घासून जाणाऱ्या प्रकाशात धुळीचा कणन् कण चमकतो, म्हणून हातमोजे घालूनच वस्तू हाताळावी आणि ब्लोअर हाताशी ठेवावा.

सगळे दिवे एकाच वेळी जमले नाहीत तरी चालतं. कॅमेरा न हलवता प्रत्येक दिव्याचा वेगळा फोटो काढून फोटोशॉपमध्ये Lighten या पद्धतीने एकावर एक ठेवता येतात. प्रत्येक ठिकाणचा उजळ भाग टिकतो. वस्तू स्थिर असल्यामुळे महागडे फ्लॅशही लागत नाहीत. अंधाऱ्या खोलीत चार फुटी एलईडी ट्यूब, ट्रेसिंग पेपर आणि ट्रायपॉडवर सेकंद-दोन सेकंदांचं एक्स्पोजर यांतूनही हीच रेषा मिळते.

अशा फोटोतून आकार कळतो, पण बटणं, चार्जिंगची खाच, गादीचा खरा रंग अंधारातच राहतात. ॲमेझॉनसारख्या विक्रीच्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमीच लागते, त्यामुळे काळा फोटो जाहिरातीत किंवा त्यापुढच्या चित्रांत जातो. एकाच हेडफोनचं चित्रण दोनदा करावं लागतं, आणि पांढऱ्यावरचं आधी उरकलेलं बरं. काळ्यासाठी दिवे एकदा जुळले, की ते हलवावेसे वाटत नाहीत.