मुखत्यारपत्र कुठवर चालतं?

समजा, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले वडील आणि स्मृतिभ्रंशानं माणसं ओळखेनाशी झालेली आई. दोघांचंही इन्कम टॅक्स रिटर्न मुलगी भरते. वरवर काम एकच, पण कायद्याच्या नजरेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही बाब घरोघरी दुर्लक्षिली जाते आणि मग नको तेव्हा अडचण उभी राहते.

१९६१च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १४० सांगतं की रिटर्नची पडताळणी त्या व्यक्तीनं स्वतः करायची. आजारपणामुळे ते शक्य नसेल, तर वैध मुखत्यारपत्र असलेली व्यक्ती करू शकते आणि ते पत्र रिटर्नसोबत द्यावं लागतं. वडिलांचा हात चालत नसला तरी बुद्धी शाबूत आहे. नोटरीला घरी बोलावून, मजकूर वाचून दाखवून, अंगठा उठवून ते मुलीला मुखत्यार नेमू शकतात.

आईचं तसं नाही. मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळावं लागतं. आईनं पूर्वी, शहाणीसुरती असताना करून ठेवलेलं पत्रही आता उपयोगाचं नाही: १८७२च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्यारी संपते. मला हा नियम फार कठोर वाटतो, कारण नेमकी गरज असते तेव्हाच कागद निकामी होतो. अशा व्यक्तीसाठी कलम १४० पालकाला किंवा तिच्या वतीनं वागण्यास सक्षम असलेल्याला अधिकार देतं. जन्मजात अपंगत्वाच्या काही प्रकारांत राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक समिती पालक नेमते. प्रौढपणी स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी मात्र बहुधा न्यायालय गाठावं लागतं. त्यानंतर प्राप्तिकर पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायची. कागद तपासून विभागानं मान्यता दिली की मुलगी स्वतःच्या लॉगिनमधून आईचं काम करू शकते.

पुष्कळ घरांत आईचा फोन हाती घेऊन आधारचा ओटीपी टाकला जातो. पोर्टल तो स्वीकारतं, पण नोंद राहते ती आईनं स्वतः पडताळणी केल्याची. पुढे घर विकल्यावर चौकशी झाली किंवा भावंडांत वाद झाला, तर त्याच तारखांचे डॉक्टरांचे कागद या नोंदीला खोटं ठरवतील.

क्रमही महत्त्वाचा आहे. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी व्हावी लागते. समजा, शेवटची तारीख ३१ जुलै आहे आणि मुलीनं १० जुलैला रिटर्न भरलं. ९ ऑगस्टपर्यंत पडताळणी झाली तर भरल्याची तारीख १० जुलैच राहते. प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळायला उशीर होऊन पडताळणी २० ऑगस्टला झाली, तर रिटर्न २० ऑगस्टला भरलं असं धरलं जातं. मग करपात्र उत्पन्न पाच लाखांवर असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क लागतं. म्हणून आधी पालकत्वाचा आदेश, मग पोर्टलवरची मान्यता आणि ती हाती आल्यावरच रिटर्न.